मोनोरेपो की प्रत्येक सर्व्हिसचा वेगळा रेपो? कंपनी वाढली की हा प्रश्न का पेटतो

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सेगमेंट या कंपनीच्या इंजिनिअर अलेक्झांड्रा नूनन यांनी एक लेख लिहिला. कंपनीने आपला कोड आधी कसा तुकड्या-तुकड्यांत वाटला आणि नंतर तेच तुकडे पुन्हा एका जागी का आणले, याचा तो हिशोब होता. सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये तो लेख चांगलाच गाजला, कारण हा प्रश्न जवळपास प्रत्येक वाढत्या कंपनीत कधी ना कधी येतोच.

प्रश्न ऐकायला साधा आहे. कंपनीच्या पाच-सात सर्व्हिसेस आहेत आणि त्या एकमेकींशी बोलतात. त्यांचा कोड एकाच मोठ्या रेपोमध्ये ठेवायचा, की प्रत्येकीला स्वतंत्र रेपो द्यायचा?

यावर बहुतेक वेळा "गूगल असं करतं" किंवा "आजकाल सगळे तसं करतात" असं उत्तर मिळतं. खरं उत्तर मात्र कंपनीच्या स्वतःच्या कामातच दडलेलं असतं, आणि ते मोजताही येतं. कसं, ते बघू.

आधी शब्द समजून घेऊ

रेपो म्हणजे रेपॉझिटरी. कोडच्या फाइल्स आणि त्यांच्यात आजवर झालेला प्रत्येक बदल जिथे नोंदवून ठेवलेला असतो, ती जागा. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली हे सगळं तिथे सापडतं. बहुतेक कंपन्या त्यासाठी गिट वापरतात आणि रेपो गिटहब किंवा गिटलॅबसारख्या ठिकाणी ठेवतात.

सगळ्या सर्व्हिसेस एकाच रेपोमध्ये, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर त्याला मोनोरेपो म्हणतात. प्रत्येक सर्व्हिसचा रेपो वेगळा असेल तर पॉलिरेपो.

इथे एक गल्लत हमखास होते. मोनोरेपो आणि मोनोलिथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोनोलिथ म्हणजे सगळं मिळून एकच प्रोग्राम, जो सर्व्हरवर एकत्र चालतो. मोनोरेपोमध्ये कोड एका जागी राहतो, पण सर्व्हिसेस दहा असू शकतात आणि त्या दहा वेगवेगळ्या वेळी सर्व्हरवर चढवता येतात. एका वाड्यात राहणाऱ्या दहा बिऱ्हाडांच्या चुली वेगळ्या असू शकतात, तसंच हे.

सेगमेंटमध्ये नेमकं काय झालं?

सेगमेंटचं काम असं: एखाद्या वेबसाइटवर ग्राहकाने काय केलं याची माहिती घ्यायची आणि ती गूगल अ‍ॅनालिटिक्ससारख्या अनेक ठिकाणी पोहोचवायची. या ठिकाणांना ते 'डेस्टिनेशन' म्हणत.

सुरुवातीला सगळ्या डेस्टिनेशनसाठी एकच रांग होती. एक डेस्टिनेशन मंदावलं की मागचं सगळं अडकायचं, एकच लेन असलेल्या टोलनाक्यासारखं. म्हणून त्यांनी प्रत्येक डेस्टिनेशनला वेगळी सर्व्हिस आणि वेगळी रांग दिली. इथपर्यंत कोड एकाच रेपोमध्ये होता.

मग दुसरी कटकट सुरू झाली. रेपो एकच असल्यामुळे एका डेस्टिनेशनची टेस्ट नापास झाली की सगळ्यांचंच काम थांबायचं. एखाद्याने स्वतःच्या डेस्टिनेशनमध्ये दोन ओळी बदलल्या, तरी भलत्याच डेस्टिनेशनची मोडलेली टेस्ट आधी दुरुस्त करावी लागायची. यावर उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक डेस्टिनेशनचा रेपोही वेगळा केला.

काही काळ सगळं छान चाललं. पुढे पन्नासहून जास्त नवी डेस्टिनेशन्स आली आणि त्यांच्यासोबत तेवढेच नवे रेपो. प्रत्येक ठिकाणी तेच-तेच काम पुन्हा लिहायला नको म्हणून त्यांनी सामाईक लायब्ररी बनवल्या. उदाहरणार्थ, ग्राहकाचं नाव. कुठला क्लायंट ते `name` म्हणून पाठवतो, कुठला `Name` म्हणून, तर कुठला `firstName` आणि `lastName` असं तोडून. हे सगळं तपासून एकच नाव काढून देणारा कोड सामाईक लायब्ररीत ठेवणं शहाणपणाचंच होतं.

अडचण पुढे होती. लायब्ररी सुधारली की ती वापरणाऱ्या डझनावारी सर्व्हिसेसमध्ये नवं व्हर्जन घालायचं, प्रत्येकीच्या टेस्ट चालवायच्या आणि प्रत्येक सर्व्हिस नव्याने चढवायची. एवढा वेळ कुणाकडेच नव्हता. त्यामुळे इंजिनिअर आपल्याला हव्या असलेल्या एका डेस्टिनेशनमध्येच नवं व्हर्जन घालून मोकळे व्हायचे. हळूहळू प्रत्येक डेस्टिनेशन त्याच लायब्ररीच्या वेगळ्या व्हर्जनवर जाऊन बसलं. सर्व्हिसेस १४० च्या वर गेल्या आणि तीन पूर्णवेळ इंजिनिअरचा बहुतेक वेळ हा डोलारा फक्त उभा ठेवण्यात जाऊ लागला.

शेवटी त्यांनी सगळं पुन्हा एकत्र केलं. १२० वेगवेगळ्या लायब्ररींचं प्रत्येकी एकच व्हर्जन सगळ्यांसाठी पक्कं केलं. (त्यांनी सोबत सर्व्हिसेसही एकात विलीन केल्या. तो मोनोलिथचा भाग झाला, रेपोचा नाही.) परिणाम त्यांनी आकड्यांत मांडला. २०१६ मध्ये सगळं विखुरलेलं असताना सामाईक लायब्ररींमध्ये वर्षभरात ३२ सुधारणा झाल्या होत्या. एकत्र आल्यावर २०१८ च्या पहिल्या सहा महिन्यांतच ४६ झाल्या.

यातला खरा धडा कुठला?

"मोनोरेपो जिंकला" असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो अर्धवट आहे. सेगमेंटने मुळात रेपो का फोडला होता? टेस्ट मोडत होत्या म्हणून. आणि टेस्ट का मोडत होत्या? कारण त्या चालताना इंटरनेटवरून थेट त्या-त्या डेस्टिनेशनला खरी विनंती पाठवायच्या. समोरच्याचा सर्व्हर मंद असेल किंवा तिथला पासवर्ड कालबाह्य झाला असेल, तर कोड बरोबर असूनही टेस्ट नापास.

म्हणजे आजार टेस्टचा होता आणि शस्त्रक्रिया रेपोवर झाली. परत एकत्र येताना त्यांनी आधी हा आजार बरा केला. समोरच्या सर्व्हरकडून आलेलं उत्तर एकदा रेकॉर्ड करून फाइलमध्ये ठेवायचं आणि पुढच्या वेळी टेस्टला तीच फाइल दाखवायची, अशी सोय केली. पूर्वी एकेका डेस्टिनेशनच्या टेस्टला मिनिटं लागायची. आता १४० हून जास्त डेस्टिनेशनच्या टेस्ट मिळून काही मिलिसेकंदांत संपल्या.

त्यामुळे रेपो फोडायचा किंवा जोडायचा विचार आला की पहिला प्रश्न हाच असायला हवा: दुखणं रेपोचं आहे, की टेस्टचं, परवानग्यांचं किंवा टीममधल्या भांडणाचं? रेपोची सीमा मुख्यतः एकच गोष्ट ठरवते. अनेक सर्व्हिसेसना लागणारा बदल एका झटक्यात होणार, की टप्प्याटप्प्याने.

एकच बदल, दोन पद्धती

हे उदाहरणाने बघू. समजा, किराणा घरपोच देणारी एक कंपनी आहे. तिच्याकडे ऑर्डर, डिलिव्हरी आणि नोटिफिकेशन अशा तीन सर्व्हिसेस आहेत. ऑर्डरची माहिती कशी लिहायची हे ठरवणारी एक सामाईक लायब्ररी आहे, `order-format` नावाची.

तक्रार अशी येते की पुण्यात राहणारी मुलगी सांगलीतल्या आईसाठी किराणा मागवते, पण डिलिव्हरीवाला फोन करतो मुलीला. कारण ऑर्डरमध्ये `phone` हा एकच नंबर आहे, मागवणाऱ्याचा. आता `receiver_phone` हा दुसरा नंबर हवा.

रेपो वेगवेगळे असतील तर काम असं चालतं. आधी `order-format` च्या रेपोमध्ये बदल करायचा, तो कुणीतरी तपासायचा आणि मग लायब्ररीचं २.५.० हे नवं व्हर्जन प्रसिद्ध करायचं. त्यानंतर ऑर्डर सर्व्हिसच्या रेपोमध्ये जाऊन व्हर्जनचा आकडा वाढवायचा आणि नवा नंबर भरायचा कोड लिहायचा. पुन्हा तपासणी, पुन्हा टेस्ट.

मग डिलिव्हरीकडे वळलं की कळतं, ती अजून २.१.० वर आहे. मधली व्हर्जन्स तिने घेतलीच नव्हती. आता २.५.० घ्यायचं तर मधले सगळे बदलही पदरात पडतात, आणि त्यातला एखादा तिचा जुना कोड मोडतो. फोन नंबरच्या कामाला आलेला माणूस भलतंच काही दुरुस्त करत बसतो. नोटिफिकेशनची टीम तोवर दुसऱ्या कामात असते. त्यांचा बदल दोन आठवड्यांनी होतो, आणि तोपर्यंत "तुमची ऑर्डर दारात आली आहे" हा एसएमएस आईऐवजी मुलीलाच जात राहतो.

सगळं एका रेपोमध्ये असेल तर लायब्ररी आणि तिन्ही सर्व्हिसेसमधले बदल एकाच पुल रिक्वेस्टमध्ये येतात. पुल रिक्वेस्ट म्हणजे 'हा बदल मुख्य कोडमध्ये घ्या' अशी रीतसर विनंती. लायब्ररीचा आकडा वाढवायचा प्रश्नच नाही, कारण व्हर्जन एकच, आत्ता फोल्डरमध्ये आहे ते. लायब्ररीतल्या बदलाने नोटिफिकेशनचा कोड मोडत असेल, तर बदल करणाऱ्याला ते विनंती मंजूर होण्याआधीच दिसतं. दोन आठवड्यांनी दुसऱ्या टीमला नाही.

फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे. वेगळ्या रेपोंमध्ये लायब्ररी बदलणारा मोकळा होतो आणि ओझं वापरणाऱ्यांवर पडतं, तेही पुढे ढकलता येणारं. मोनोरेपोमध्ये ओझं बदलणाऱ्यावरच पडतं, आणि तिथल्या तिथे.

मोनोरेपो जे देत नाही

इथे बऱ्याच टीम फसतात. बदल एका कमिटमध्ये झाला म्हणजे तो सगळीकडे एका क्षणी लागू झाला, असं त्यांना वाटतं. कोड एका क्षणी बदलतो, पण सर्व्हर तसे बदलत नाहीत.

समजा, एखाद्याने ठरवलं की जुना `phone` काढून टाकू आणि त्याजागी `customer_phone` आणि `receiver_phone` असे दोन नंबर ठेवू. तिन्ही सर्व्हिसेस एकाच कमिटमध्ये बदलल्या, सगळ्या टेस्ट पास झाल्या. ऑर्डर सर्व्हिस ११ वाजता चढली आणि डिलिव्हरी ११ वाजून १० मिनिटांनी. या दहा मिनिटांत ऑर्डर नव्या पद्धतीने लिहिते आणि डिलिव्हरी जुन्या पद्धतीने वाचते. तिला `phone` सापडत नाही. त्या वेळेत आलेल्या ऑर्डर अडकतात. टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे दोन्हीकडे नवाच कोड असतो.

ग्राहकाच्या मोबाइलमधलं अ‍ॅप तर कंपनीच्या हातातच नसतं. कुणी ते सहा महिने अपडेट करत नाही. त्याच्याकडून जुनाच `phone` येत राहणार.

म्हणून रेपो एक असो की दहा, असा बदल तीन टप्प्यांतच करावा लागतो. पहिल्या टप्प्यात नवे नंबर जोडायचे, पण जुनाही भरत राहायचा. दुसऱ्या टप्प्यात वाचणाऱ्या सगळ्या सर्व्हिसेस नव्या नंबरांकडे वळवायच्या. जुना नंबर आता कुणीच वाचत नाही याची लॉगमधून खात्री झाली, की तिसऱ्या टप्प्यात तो काढायचा. मोनोरेपोचा फायदा असा की 'कुणीच वाचत नाही' हे कोडमध्ये एकदा शोधलं की कळतं. वेगळ्या रेपोंमध्ये तेच शोधायला प्रत्येक रेपो उघडावा लागतो, आणि एखादा विसरला जातो.

मोनोरेपो कुठे दुखतो?

पहिलं दुखणं टेस्टच्या वेळेचं. सहा सर्व्हिसेस आणि प्रत्येकीच्या टेस्टला आठ मिनिटं धरली, तर एका मागोमाग एक चालवताना प्रत्येक छोट्या बदलाला ४८ मिनिटं. लोक वैतागतात आणि मग "रेपो फोडूया" अशी मागणी येते. त्यावरचा उपाय म्हणजे ज्या सर्व्हिसला बदलाचा धक्का लागतो, तिच्याच टेस्ट चालवायच्या. बेझल, एनएक्स, टर्बोरेपो, पँट्स ही साधनं कोण कुणावर अवलंबून आहे याचा नकाशा बनवून हे काम करतात. लहान कंपनीला गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये साध्या फाइलनेही सुरुवात करता येते:

```yaml
on:
  pull_request:
    paths:
      - "services/delivery/**"
      - "libs/order-format/**"
```

याचा अर्थ, डिलिव्हरीचं किंवा तिला लागणाऱ्या लायब्ररीचं फोल्डर बदललं तरच डिलिव्हरीच्या टेस्ट चालवा. यात दोन खड्डे आहेत.

लायब्ररीची ओळ लिहायची राहिली, तर लायब्ररी बदलल्यावर डिलिव्हरीच्या टेस्ट चालतच नाहीत. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं आणि चूक थेट ग्राहकापर्यंत जाते. ही यादी हाताने सांभाळायची असेल, तर नवी लायब्ररी जोडताना इथेही ओळ घालायची, हे तपासणाऱ्याने बघायला हवं. सर्व्हिसेस वाढल्या की हातच्या यादीवर भिस्त न ठेवता नकाशा बनवणारं साधन घेतलेलं बरं.

दुसरा खड्डा असा: ही टेस्ट 'सक्तीची' म्हणून नोंदवली असेल आणि बदल भलत्याच फोल्डरमध्ये असेल, तर टेस्ट सुरूच होत नाही. गिटहब मात्र तिची वाट बघत बसतं आणि पुल रिक्वेस्ट अडकून राहते. म्हणून कायम चालणारं एकच काम सक्तीचं ठेवायचं आणि कुठल्या टेस्ट चालवायच्या हे त्याच्या आत ठरवायचं, हा मार्ग सोपा पडतो.

दुसरं दुखणं मालकीचं. सगळा कोड सगळ्यांसमोर असला की कुणीही कुणाच्याही फोल्डरमध्ये हात घालू शकतो. गिटहबवर त्यासाठी `CODEOWNERS` नावाची फाइल असते:

```
/services/payment/    @company/payment-team
/libs/order-format/   @company/platform-team
```

पेमेंटच्या फोल्डरमध्ये बदल झाला की तपासणीसाठी त्या टीमला आपोआप बोलावणं जातं. पण नुसती फाइल ठेवून भागत नाही. मुख्य ब्रँचच्या नियमांत मालकांची मंजुरी सक्तीची केली नाही, तर बोलावणं जातं आणि मंजुरी नसतानाही बदल आत जाऊ शकतो.

तिसरं दुखणं असं, की त्यावर मोनोरेपोत इलाजच नाही. `CODEOWNERS` बदल थांबवू शकते, वाचणं थांबवू शकत नाही. गिटमध्ये ज्याला रेपो उतरवून घ्यायची परवानगी आहे, त्याला आतलं सगळं दिसतं, जुन्या इतिहासासकट. एखादं फोल्डर लपवायची सोय नाही. म्हणून बाहेरच्या कंत्राटदाराला एकाच सर्व्हिसचं काम द्यायचं असेल, एखादा भाग ओपन सोर्स करायचा असेल, किंवा कायद्याने ठराविक लोकांनीच बघावा असा कोड असेल, तर तो वेगळ्या रेपोमध्ये ठेवणं हाच रस्ता.

"पण गूगल तर एकच रेपो वापरतं ना?"

वापरतं, पण कसं ते बघायला हवं. गूगलच्या रेचल पॉटविन आणि जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ मध्ये याबद्दल सविस्तर लिहिलं. तेव्हा त्या एका रेपोमध्ये सुमारे २ अब्ज ओळींचा कोड होता आणि त्याचा आकार ८६ टेराबाइट. हे गिटला पेलणारं नव्हतं. त्यासाठी गूगलने पायपर नावाची स्वतःची व्यवस्था बांधली. आणि त्याच गूगलचे अँड्रॉइड आणि क्रोम हे प्रकल्प मात्र गिटमध्ये वेगळे होते, कारण त्यावर बाहेरच्या लोकांनाही काम करायचं असतं.

मायक्रोसॉफ्टने विंडोजचा कोड गिटमध्ये आणला तेव्हा तो सुमारे ३०० जीबी आणि ३५ लाख फाइल्सचा होता. साधं गिट त्याखाली वाकलं, म्हणून २०१७ मध्ये त्यांनी लागेल तीच फाइल खाली उतरवणारी वेगळी फाइल सिस्टिम पुढे आणली.

पाच-सात सर्व्हिसेसच्या कंपनीचा कोड याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे 'मोनोरेपो गिटला झेपणार नाही' ही भीती तिला लागू नाही, आणि 'गूगल करतं म्हणून' हे कारणही लागू नाही.

मग आपलं उत्तर कसं काढायचं?

गेल्या तीन महिन्यांत पूर्ण झालेल्या कामांची यादी काढायची. प्रत्येक कामापुढे लिहायचं, त्यासाठी किती रेपोंमध्ये बदल करावा लागला. बहुतेक कामं एकाच रेपोमध्ये संपत असतील, तर सीमा बरोबर जागी आहेत. त्यांना हात लावू नये. बरीच कामं दोन-तीन रेपोंमध्ये फिरत असतील, आणि पुन्हा पुन्हा त्याच जोड्या दिसत असतील, तर त्या जोड्या मुळात एकच गोष्ट आहेत. कागदावर त्यांना दोन केलंय, एवढंच.

दुसरी खूण सामाईक लायब्ररीच्या व्हर्जनमध्ये सापडते. जावास्क्रिप्टचे सगळे रेपो शेजारी-शेजारी उतरवून घेतले असतील, तर एक ओळ पुरते:

```
grep '"order-format"' */package.json
```

आणि समोर असं काही आलं:

```
delivery/package.json:    "order-format": "2.1.0",
notification/package.json:    "order-format": "1.8.3",
order/package.json:    "order-format": "2.5.0",
```

तर सेगमेंटचा रस्ता इथेही सुरू झालाय असं समजायचं. सगळीकडे एकच आकडा असेल किंवा एखाद-दुसऱ्याचाच फरक असेल, तर वेगळे रेपो असूनही शिस्त टिकून आहे.

तिसरी खूण रविवारी रात्री दिसते. "आधी ऑर्डर चढवा, मग डिलिव्हरी, नाहीतर गडबड होईल" अशा सूचना देत दोन सर्व्हिसेस दर वेळी एकत्रच चढवाव्या लागत असतील, तर त्या वेगळ्या नाहीत. पण याचा इलाज रेपो जोडून होत नाही. त्याला वर सांगितलेले तीन टप्पेच लागतात.

उत्तर 'सगळे एकत्र' किंवा 'सगळे वेगळे' असंच असायला हवं, असं मुळीच नाही. ऑर्डर, डिलिव्हरी, नोटिफिकेशन आणि त्यांची लायब्ररी एका रेपोमध्ये, कंत्राटदार सांभाळतो ती वेबसाइट दुसऱ्यात आणि डेटाच्या टीमचं काम तिसऱ्यात, ही मांडणी पूर्णपणे रास्त आहे. सोबत बदलतं ते सोबत ठेवायचं, एवढंच सूत्र.

जोडायचं ठरलं तर

फाइल्स नुसत्या कॉपी करून नव्या फोल्डरमध्ये टाकल्या, तर जुना इतिहास जातो. सहा महिन्यांनी "ही विचित्र अट इथे का घातली होती?" असा प्रश्न पडतो आणि उत्तर द्यायला नोंदच उरत नाही. `git filter-repo` हे वेगळं बसवावं लागणारं साधन इतिहास जपून कोड हलवतं. डिलिव्हरीच्या रेपोची ताजी प्रत उतरवून तिच्यात आणि नंतर मुख्य रेपोमध्ये हे करायचं:

```
cd delivery-copy
git filter-repo --to-subdirectory-filter services/delivery

cd ../main-repo
git remote add delivery ../delivery-copy
git fetch --no-tags delivery
git merge --allow-unrelated-histories delivery/main
```

पहिली आज्ञा सगळा इतिहास असा नव्याने लिहिते, की जणू कोड पहिल्यापासून `services/delivery` मध्येच होता. `--no-tags` अशासाठी, की `v1.0` हे नाव प्रत्येक रेपोमध्ये असतं आणि एकत्र आल्यावर ती नावं एकमेकांवर आदळतात.

तीन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. इतिहास नव्याने लिहिल्यामुळे प्रत्येक कमिटचा ओळख क्रमांक बदलतो, आणि जुन्या तक्रारींमध्ये दिलेल्या लिंक नव्या रेपोत चालत नाहीत. म्हणून जुना रेपो पुसायचा नाही, फक्त वाचता येईल असा करून ठेवायचा. दुसरं, उघड्या असलेल्या पुल रिक्वेस्ट सोबत येत नाहीत, त्या आधी संपवाव्या लागतात. तिसरं, जुन्या इतिहासात कुणी चुकून पासवर्ड टाकून नंतर काढला असेल, तर तोही नव्या घरी येतो आणि आता तो जास्त लोकांना दिसतो. तो पासवर्ड हलवण्याआधीच बदलून टाकायला हवा.

सगळ्या सर्व्हिसेस एका शनिवार-रविवारी हलवायची घाई करायचं कारण नाही. यादीत सगळ्यात जास्त वेळा सोबत दिसलेली जोडी आधी हलवायची. तिच्या टेस्ट एका रेपोमध्ये नीट चालू लागल्या आणि कामं एकाच पुल रिक्वेस्टमध्ये संपू लागली, की पुढची जोडी घ्यायची. टेस्टच डळमळीत असतील, तर मात्र आधी त्या दुरुस्त करायच्या. नाहीतर एकाची मोडलेली टेस्ट सगळ्यांना अडवेल आणि वर्षभरात पुन्हा "रेपो फोडूया" ही मागणी येईल. सेगमेंटमध्ये पहिल्यांदा नेमकं हेच झालं होतं.